होम लोनसोबत विमा: कुठवर विकायचा?

"मॅडम, माझं बी.कॉम. झालंय. इथे इंदूरमध्येच एका खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजरची ऑफर आली आहे. रोजचं टार्गेट असतं म्हणे. बाबा म्हणतात, लोकांच्या गळ्यात विमा मारायची नोकरी नको. फसवल्याशिवाय टार्गेट होतच नाही का?"

बाबांची भीती खरी आहे, पण ती या कामाच्या एका भागापुरती. खाती आणि कर्ज लोकांना हवंच असतं, तिथे खोटं बोलावं लागत नाही. फक्त कर्ज तुझ्या टार्गेटमध्ये धरलं जातं ते रक्कम वितरित झाल्यावर, आणि त्यात आठवडे जातात. सकाळच्या मीटिंगमध्ये मात्र आजचा आकडा मागतात. मग त्याच फाइलमध्ये एका सहीने होणाऱ्या विम्याकडे हात वळतो.

समज, सुदामा नगरमधल्या एका शिक्षकांना ३० लाखांचं होम लोन हवंय, ९ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. त्यांच्या जीवन विम्याचा ९० हजारांचा एकरकमी प्रीमियम कर्जातच जोडला, तर हप्ता सुमारे २७,००० वरून २७,८०० होतो. आठशे रुपयांकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण २० वर्षांत त्या ९० हजारांपोटी ते जवळपास १ लाख ९४ हजार फेडतात.

विमा वाईट नाही. घरात ते एकटेच कमावते असतील आणि टर्म प्लॅन नसेल, तर तो सुचवणं तुझं कामच आहे. पण "हा कंपल्सरी आहे" म्हणालीस की मर्यादा ओलांडलीस. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेचा विमा घेणं ग्राहकाच्या मर्जीवर असतं. घराच्या आगीचा विमा कर्जाच्या अटीत असू शकतो, पण तोही अमुकच कंपनीचा घ्या, असं सांगता येत नाही.

म्हणून आधी कर्ज मंजूर होऊ दे, मग विम्याचं बोल. दोन्ही हप्ते कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखव. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा सगळा खर्च एका जागी दाखवणारा कागद, द्यावंच लागतं. त्यातली विम्याची रक्कम बोट ठेवून दाखव. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही स्वतःहून सांग. हे ऐकूनही ज्यांनी घेतली, ते सहसा ती परत करत नाहीत. घाईत सही घेतलेली पॉलिसी मात्र परत येते, आणि सोबत तक्रारही.

आता ऑफरबद्दल. होकार देण्याआधी शाखेत जा आणि विचार: स्कोअरकार्डमध्ये विम्याचा वाटा किती? ग्राहकाने विमा नाकारला तर फाइल थांबते का? "विमा कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल आला की सगळ्याला हो म्हणा" असं तिथे ग्राहकांना पढवताना ऐकलंस, तर त्या शाखेत जाऊ नकोस. विम्याचा वाटा थोडा आणि ठेवी-कर्जांचा मोठा असेल, तर नोकरी घे. बाबांना मी समजावेन.