अपवाद द्या, पण तारीख टाकून

बुटीबोरीच्या आमच्या गोदामात नवीन ईआरपी येतंय. वजनकाट्याचा कंट्रोलर फक्त टीएलएस १.० वर बोलतो आणि कंपनीचं स्टँडर्ड किमान १.२ मागतं. आर्किटेक्चर बोर्डाकडे अपवाद मागताना अर्जात काय लिहू?

‘यंत्र जुनं आहे, चालवून घ्यावं’ एवढंच लिहिलंत तर अर्ज परत येईल, आणि यायलाच हवा. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने मोडीत निघाले. त्यामुळे स्टँडर्डशी वाद घालू नका, मागणीच अरुंद करा: कोणतं कलम, कोणतं एकच यंत्र, कोणत्या तारखेपर्यंत. अख्ख्या ‘गोदाम प्रणाली’साठी सूट घेतलीत तर उद्या गेट-पासचा सर्व्हरही त्याच कागदाखाली १.० वर राहील.

यानंतर सूट असेपर्यंत धोका कसा आवरणार ते लिहा. काट्याच्या केबिनमध्ये दोन नेटवर्क कार्डांचा एक छोटा लिनक्स गेटवे ठेवता येतो. कंट्रोलरपासून गेटवेपर्यंतच्या एका केबलवर १.० चालेल, तिथून ईआरपीपर्यंत १.२. ईआरपीला जुनं दार उघडावं लागत नाही. केबिनमधली ती केबल मात्र कच्चीच राहते. वजनावर बिल निघत असल्यामुळे केबिनला कुलूप आणि पावतीची ईआरपीतल्या नोंदीशी रोजची ताडणी, हेही अर्जातच येऊ द्या.

‘आत्ताच का बदलत नाही?’ हा प्रश्न येणारच. काट्याचा कंट्रोलर बदलला की वैधमापन विभागाकडून फेरपडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं, आणि तोवर काटा बंद. पुढच्या ठरलेल्या मुद्रांकनाच्या वेळीच कंट्रोलर बदलायचा, असं म्हटलंत तर मुदतीची तारीख आपोआप मिळते.

गेटवे बसवला. ईआरपी १.० नाकारतो हे बोर्डाला कसं दाखवायचं?

इथे बरेच जण फसतात. ओपनएसएसएल ३ वर साधी `-tls1` चाचणी केली तर जोडणी तुटते आणि सगळे खूश होतात. पण नकार सर्व्हरचा नसतो. क्लायंटच आपल्या डीफॉल्ट सुरक्षा पातळीवर १.० वापरू देत नाही. आधी ती पातळी उतरवा:

```
openssl s_client -connect erp.example:443 -tls1 -cipher 'DEFAULT:@SECLEVEL=0'
```

हीच आज्ञा गेटवेवरून, erp.example:443 च्या जागी कंट्रोलरचा पत्ता घालून चालवा आणि जोडणी होते ना, ते आधी पाहा. झाली तर तुमचा क्लायंट खरोखर १.० बोलतोय. मग ईआरपीचा पत्ता घालून चालवा, तिथे जोडणी नाकारली गेली पाहिजे. दोन्हींचे निकाल अपवादाला जोडा. नुसता दुसरा जोडला तर त्याला पुरावा म्हणता येणार नाही.

आमच्या चीफ आर्किटेक्टनी बैठकीत ‘चालेल’ म्हटलं, मिनिट्समध्येही तेवढंच आहे. पुरेसं आहे का?

नाही. डिझाइन स्टँडर्डपासून किती सरकलंय आणि उपाय तांत्रिकदृष्ट्या पुरतो का, हे बोर्ड सांगू शकतं. उरलेला धोका स्वीकारण्याची सही मात्र ज्याचं नुकसान होणार त्याची हवी, म्हणजे इथे गोदामाच्या व्यवसाय प्रमुखाची. आर्किटेक्टने सही केली तर तीन वर्षांनी काटा बदलायला पैसे मागताना व्यवसाय हात वर करतो.

रजिस्टरमध्ये प्रत्येक अपवादाला स्वतंत्र क्रमांक द्या. कलम आणि त्याची आवृत्ती, यंत्राचं नाव, कारण, पर्यायी उपाय, धोका स्वीकारणारा, मुदत आणि बंद करण्याचं काम कोणाकडे, एवढं असलं की पुरे. आवृत्ती विसरू नका. पुढच्या वर्षी स्टँडर्ड बदललं की नेमकी कशातून सूट होती हेच कळेनासं होतं. नाकारलेले अर्जही ठेवा, नाहीतर तीच मागणी दुसऱ्या प्रोजेक्टच्या नावाने परत येते.

प्रोजेक्टने बोर्डाकडे केव्हा यावं?

पर्याय ठरल्यावर, पण पर्चेस ऑर्डर निघण्यापूर्वी. ऑर्डर गेल्यानंतरची बैठक शिक्का मारण्यापुरतीच उरते.

मिहानमधल्या आमच्या ऑफिसात अपवादांचं रजिस्टर आहे, पण निम्म्या नोंदींची मुदत उलटून गेलीय. काय करावं?

सरसकट मुदतवाढ देऊ नका. धोका स्वीकारणाऱ्याला मुदतीच्या ६० दिवस आधी आणि पुन्हा ३० दिवस आधी नोंद पाठवा. वाढ हवी असेल तर त्याने नव्याने सही करावी आणि आधी कबूल केलेलं काम का झालं नाही ते लिहावं. दुसरी वाढ बोर्डाच्या हाती ठेवू नका, धोका स्वीकारणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे न्या. यंत्रच भंगारात गेलेल्या नोंदी लगेच बंद करा. अशा मृत नोंदी बऱ्याच निघतात.

मग उरलेल्या नोंदी कलमानुसार लावा. एकाच कलमाविरुद्ध पाच-सहा वेगवेगळ्या प्रोजेक्टांना सूट दिलेली दिसली, तर आधी ते कलम तपासा. कधी ते जुनं झालेलं असतं. कधी कलम बरोबर असतं, पण पाळण्यासाठी लागणारी सोय, उदाहरणार्थ सामायिक लॉगिन सेवा, कंपनीने कधी उभारलेलीच नसते. तेव्हा बोर्डाने आणखी एक अपवाद देण्याऐवजी त्या सेवेसाठी पैसे मागावेत.