पोर्ट्रेट मोडच्या फोटोत केसांभोवतीची खोटी कड कशी काढायची?

प्रश्न: रंकाळ्यावर संध्याकाळी बहिणीचा पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो काढला. चेहरा मस्त आलाय, पण केसांभोवती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी कड दिसते. 12 बाय 18 इंची प्रिंट काढून फ्रेम करायची आहे. मोबाईलवरच साफ करता येईल का?

उत्तर:

येईल, पण त्यासाठी त्याच फोटोची ब्लर नसलेली प्रत हातात हवी. काही फोन पोर्ट्रेटबरोबर साधा फोटोही वेगळा ठेवतात, तो गॅलरीत सापडतो. नसेल, तर फोनच्याच गॅलरीत एडिटमध्ये जाऊन ब्लर शून्यावर आणा आणि वेगळी प्रत म्हणून सेव्ह करा. आयफोनवर आधी फोटो डुप्लिकेट करा आणि त्या डुप्लिकेटवर Portrait बंद करा. हे सगळं ज्या फोनने फोटो काढला त्यातच करायचं. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला की फोटो लहान होतो आणि कोण जवळ, कोण लांब ही त्यात साठवलेली माहितीही गळते, मग ब्लर मागे घेता येत नाही.

आता कड का येते ते बघा, कारण दुरुस्तीची पद्धत त्यावरच ठरते. कोण जवळ आणि कोण लांब, याचा एक ढोबळ नकाशा फोन तयार करतो आणि त्यावरून मागचं पुसट करतो. हा नकाशा फोटोपेक्षा खूप लहान असतो. काही फोनांत फोटो 4032 बाय 3024 पिक्सेलचा आणि नकाशा जेमतेम 768 बाय 576 बिंदूंचा असतो. म्हणजे नकाशाचा एक बिंदू फोटोतले आडवे पाचेक पिक्सेल व्यापतो, आणि सुटा केस असतो एक-दोन पिक्सेल जाड. तो नकाशात सापडतच नाही. मग दोनपैकी एक चूक होते, बहुतेकदा एकाच डोक्यावर दोन्ही. कुठे नकाशा केसांच्या बाहेर जातो आणि मागच्या पाण्याचा, आकाशाचा एक पट्टा ब्लर न होता तसाच राहतो. कुठे तो केसांच्या आत शिरतो आणि बटा पुसून टाकतो. फोटो पूर्ण मोठा करून डोक्याभोवती एक फेरी मारा आणि कुठे कोणती चूक आहे ते आधी हेरून ठेवा.

12 बाय 18 मध्ये हे लपत नाही. 4000 पिक्सेल 18 इंचांवर पसरले की इंचाला साधारण 222 पिक्सेल येतात, म्हणजे 40 पिक्सेलचा पट्टा कागदावर साडेचार मिलिमीटरचा होतो.

फोनवर Snapseed हे ॲप पुरेसं आहे. आवृत्तीप्रमाणे बटणांची जागा थोडी इकडेतिकडे असेल. बरेच जण ब्लर फोटोवर मूळ फोटो ठेवून केसांवर ब्रश फिरवतात. त्याने बटा परत येतात, पण बटांच्या मधलं स्पष्ट आकाश आणि पाणीही येतं, म्हणजे कड जाण्याऐवजी रुंदच होते. म्हणून आधी पट्टा पुसायचा आणि मग फक्त केस परत आणायचे. क्रम उलटा करू नका.

पट्टा पुसायला ब्लर फोटो उघडून Healing घ्या. यात ब्रशचा आकार बदलायचं बटण नाही, फोटो जितका झूम कराल तितका ब्रश बारीक होतो. पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूने सुरुवात करून आत या, लांब ओढू नका, छोटे छोटे ठिपके द्या. या टप्प्यात सुटे केस गेले तर जाऊ द्या, ते पुढे परत येणार आहेत. दाट केसांच्या अगदी काठाला मात्र टेकू नका. हे टूल आजूबाजूचाच तुकडा उचलून लावतं, त्यामुळे काठाजवळ आकाशात काळा डाग उमटतो. तसं झालं तर एक पाऊल मागे जा, आणखी झूम करा आणि लहान ठिपका द्या.

आता केस. Double Exposure उघडा, ब्लर नसलेली प्रत जोडा आणि ती बोटाने जराही हलवू नका, दोन्ही फोटो एकावर एक तंतोतंत बसायला हवेत. मोड Darken निवडा आणि अपारदर्शकतेची पट्टी उजवीकडे न्या. या मोडमध्ये प्रत्येक ठिकाणी दोन फोटोंपैकी जो गडद तो टिकतो. मावळतीच्या उजळ आकाशासमोर केस काळे, म्हणून केस उमटतात आणि त्यांच्यामधलं आकाश बहुतांशी ब्लर फोटोचंच राहतं. केसांच्या कडेला उन्हाची सोनेरी रेघ असेल आणि मागे काळोखी झाडी असेल, तर त्या भागापुरता Lighten मोड वापरायचा.

टिक केल्यावर View edits मध्ये Double Exposure ची पायरी दाबा आणि ब्रशचं चिन्ह घ्या. सगळा परिणाम लपतो आणि जिथे बोट फिरवाल तिथेच येतो. आकाशासमोरच्या बटांवर ब्रश 100 वर ठेवून, बट ज्या दिशेला गेली त्याच दिशेने, मुळाकडून टोकाकडे फिरवा. मागे पाणी असेल तिथे 50 वर या, कारण लाटांच्या गडद रेघा केसांबरोबर वर येतात. मागे झाडं किंवा कठड्याचा लोखंडी बार असेल तिथे Darken चालत नाही, गडद वस्तू जशीच्या तशी उमटते. तिथे ब्रश 25 वर ठेवून एक-दोन ठळक बटाच आणा, बाकी सोडून द्या. प्रत्येक केस परत आणायची गरज नसते. खऱ्या लेन्समध्येही मागे उडालेल्या बटा थोड्या पुसट होतातच, डोळ्याला खटकते ती सरळ कापलेली रेघ.

तरीही कड जाणवली तर ब्लरच जास्त आहे असं समजा. गॅलरीत ब्लरचा आकडा f/2.8 असेल तर f/5.6 पर्यंत न्या, आकडा वाढला की ब्लर कमी होतो, आणि या फोटोपासून पुन्हा सुरुवात करा. माझ्या मते हे सगळ्यात आधी करून बघावं, कारण ब्लर कमी केला की निम्मं काम तिथेच संपतं.

शेवटी दाण्यांकडे बघा. संध्याकाळच्या उजेडात मूळ फोटोत बारीक दाणे असतात, ब्लर झालेला भाग मात्र तेलकट गुळगुळीत दिसतो, आणि परत आणलेल्या बटा त्यामुळे वेगळ्या पडतात. Grainy Film मध्ये शैलीची तीव्रता शून्य करा आणि दाणे अगदी थोडे वाढवा. सगळ्या फोटोवर सारखे दाणे आले की जोड दिसत नाही.

मोठी प्रिंट टाकण्याआधी प्रिंटच्या 3:2 आकारात कापलेल्या फोटोतून केसांभोवतीचा एक तुकडा घ्या, दोन्ही बाजूंनी एक तृतीयांश, साधारण 1330 बाय 890 पिक्सेल. त्याची 4 बाय 6 ची प्रिंट लॅबमधून काढून घ्या. 12 बाय 18 मध्ये केस नेमके त्याच मापाचे येणार आहेत. ती प्रिंट हातभर अंतरावर धरून उजेडात बघा. पट्टा दिसला तर Healing च्या पायरीत काहीतरी राहिलंय, काळसर धूर दिसला तर ब्रश काठावर जास्त फिरलाय.