पोकळ पार्टिशनवरून टीव्ही पडला : जबाबदारी कोणाची, आणि पुन्हा लावायचा कसा?

प्रश्न : वाकडला लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. 55 इंची टीव्ही घेतला. दुकानाने पाठवलेल्या माणसाने हॉलच्या पार्टिशनवर, पुढे ओढता येणारे ब्रॅकेट चार स्क्रूंनी लावून दिले. अडीच महिन्यांनी टीव्ही खाली आला, स्क्रीन फुटली, दोन फरश्या तडकल्या. दुकानदार म्हणतो, ‘भिंत पोकळ होती, आम्ही काय करणार?’ घरमालक भिंतीचे 30,000 रुपये डिपॉझिटमधून कापणार आहेत. पैसे कोणाकडे मागू? नवा टीव्ही त्याच भिंतीवर लावता येईल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम, भिंतीवरची ती चार भोके बुजवू नका आणि घरमालकांनाही काही दिवस बुजवू देऊ नका, कारण आपला सगळा पुरावा त्या भोकांत आहे. शेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक भोकाचा जवळून फोटो काढावा, आणि खाली पडलेले स्क्रू व गिट्ट्या एका पाकिटात घालून त्यावर तारीख लिहावी. माझा अंदाज असा, की स्क्रूंबरोबर प्लास्टिकच्या गिट्ट्या अखंड बाहेर आल्या असतील आणि भोकांच्या कडांचा पांढरा भुगा झाला असेल.

ही गिट्टी विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी असते. स्क्रू पिळला की ती फुगते आणि चहूबाजूंच्या पक्क्या मालाला घट्ट धरते. आपल्यासारख्या पोकळ पार्टिशनला मात्र जिप्समचे बोर्ड असते, ते साधारण साडेबारा मिलिमीटर जाड आणि त्यामागे पोकळी, त्यामुळे गिट्टीचे मागचे टोक हवेत फुगते आणि पुढचे ठिसूळ चुन्यासारख्या थरात टेकून राहते. माझ्या कार्यालयातल्या पार्टिशनवर अशाच गिट्टीवर भिंतघड्याळ वर्षानुवर्षे टिकले आहे, पण घड्याळ कोणी पुढे ओढत नाही.

मुद्दा त्या ओढण्याचाच आहे. टीव्ही आणि ब्रॅकेट मिळून 18 किलो धरू आणि वरच्या स्क्रूंपासून ब्रॅकेटच्या भिंतीवरील पट्टीची खालची कड 20 सेंटिमीटरवर आहे असे समजू. टीव्ही भिंतीला चिकटून, म्हणजे त्याचा भार भिंतीपासून 5 सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटू पाहणारा जोर 18 गुणिले 5 भागिले 20, म्हणजे साडेचार किलोइतका येतो. तोच टीव्ही ब्रॅकेटच्या हातावर पुढे ओढून त्याचा भार भिंतीपासून 40 सेंटिमीटरवर नेला की हा जोर 36 किलोइतका होतो. खाली ओढणारे 18 किलो दोन्ही वेळी तेवढेच राहतात, पण जिप्सम हार मानते ते उपटणाऱ्या जोरापुढे, आणि तेही एकदम नव्हे, तर रोज थोडे थोडे भुरभुरत. अडीच महिने त्यातच गेले असावेत.

म्हणून ‘भिंत पोकळ होती’ हा दुकानदाराचा बचाव नाही. मी आपल्या जागी असतो तर हेच वाक्य त्याच्याकडून लेखी मिळवले असते. भिंतीवर बोटाने ठोकले तरी पोकळ आवाज येतो, आणि ड्रिल एका क्षणात आरपार जाऊन पात्यावर लाल किंवा करडी भुकटी न येता पांढरी पूड आली, की काम करणाऱ्याला भिंत कसली आहे हे कळलेच पाहिजे. तरीही त्याने नेहमीची गिट्टी ठोकली आणि आपल्याला सावध केले नाही, ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आहे. ‘लावून देणे फुकट होते’ असे उत्तर येईल, तेव्हा ते टीव्हीच्या किमतीतच धरलेले होते हे बिलावरून आणि जाहिरातीवरून दाखवावे.

इथे एक बारकावा आहे. कलम 85 मध्ये चुकीच्या सेवेमुळे झालेल्या हानीची भरपाई मिळते, पण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्या ‘हानी’त खुद्द त्या वस्तूचे नुकसान येत नाही. म्हणून फरश्या आणि भिंत यांची मागणी कलम 85 खालीही करावी आणि फुटलेल्या टीव्हीची मागणी सेवेतील त्रुटी म्हणून स्वतंत्र लिहावी. दोन्ही एकाच तक्रारीत चालतात. आधी दुकानदाराला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, मग पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जावे. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. आपण काम झाल्याच्या कागदावर ‘भिंतीची जबाबदारी ग्राहकाची’ अशा छापील ओळीखाली सही केली असेल, तर तो कागद लपवू नका. भिंत तपासून तसे स्पष्ट सांगितले होते का, हा प्रश्न त्या सहीने मिटत नाही.

घरमालकांबाबत मात्र आपली बाजू तितकी भक्कम नाही. ब्रॅकेटची भोके आणि फुटलेले बोर्ड यांना नेहमीची झीज म्हणता येणार नाही, आणि करारात ‘परवानगीशिवाय ड्रिल करू नये’ असे कलम असेल तर त्याचा भंगही झालेला आहे. तरीही भारतीय करार कायद्याच्या कलम 73 व 74 प्रमाणे त्यांना वाजवी भरपाईच मिळू शकते. बोर्डाचा खराब तुकडा कापून नवा बसवणे, सांधे जाळीच्या पट्टीने आणि पुट्टीने भरणे, आणि रंग जुळावा म्हणून ती एक भिंत रंगवणे, एवढा खर्च देण्याची तयारी दाखवा आणि बिल मागा. सगळा हॉल रंगवण्याचा खर्च त्यात असेल तर तो नाकारा. जे द्याल ते दुकानदाराकडच्या मागणीत जोडा.

आता नवा टीव्ही. त्याच भिंतीवर लावता येईल, परंतु बोर्डाच्या नव्हे तर आतल्या सांगाड्याच्या जोरावर. बोर्डामागे पत्र्याचे उभे स्टड असतात, बहुतेक ठिकाणी दोन-दोन फुटांवर. लहानसे चुंबक भिंतीवरून सरकवले की बोर्डाच्या स्क्रूंवर ते चिकटते. असे बिंदू एकाखाली एक आले की तिथे स्टड आहे. पेन्सिलीने खूण करा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायरचा पाइप असू शकतो, तिथे ड्रिल नको.

स्टडचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटरच जाड असतो, म्हणून नुसता स्क्रूही त्यात फार धरत नाही. बोर्ड दुरुस्तीसाठी कापायचेच आहे, तेव्हा त्याच वेळी दोन स्टडच्या मधोमध 18 मिलिमीटरचे प्लायवूड बसवून ते दोन्हीकडे स्टडला पक्के करून घ्या, त्यावर नवे बोर्ड लावा आणि ब्रॅकेटचे स्क्रू बोर्डातून थेट प्लायवूडमध्ये जाऊ द्या. घरमालक कापू देत नसतील, तर प्लायवूडची फळी बाहेरून दोन स्टडवर आडवी टाकून ती स्टडच्या पत्र्यामागे पंख उघडणाऱ्या टॉगल बोल्टने बसवावी आणि ब्रॅकेट फळीवर लावावे. दोन्ही प्रकारांत ब्रॅकेट भिंतीला चिकटून राहणारे, सपाट घ्या. पुढे ओढायच्या हाताचे ब्रॅकेट या भिंतीला नको, हे माझे ठाम मत आहे.

टीव्ही चढवण्याआधी ब्रॅकेटच्या पट्टीभोवती पेन्सिलीने बारीक रेघ ओढा, पाण्याचे वीस लिटरचे दोन भरलेले जार दोरीने पट्टीला टांगा आणि तासभर कोणालाही खाली जाऊ देऊ नका. पट्टी रेघेवरून हलली, वरच्या कडेला नाणे जाईल इतकी फट पडली किंवा फरशीवर पांढरी पूड दिसली, तर टीव्ही लावू नका.

हे सगळे करण्याआधी घरमालकांना ईमेल करून, ‘हॉलच्या पार्टिशनमध्ये माझ्या खर्चाने प्लायवूडचा आधार बसवून त्यावर टीव्ही लावत आहे, घर सोडताना टीव्ही व ब्रॅकेट काढून भोके बुजवून देईन, प्लायवूड आतच राहील,’ एवढे लिहा आणि त्यांचा ‘संमती आहे’ हा शब्द आल्याशिवाय बोर्ड कापू नका. आत प्लायवूड बसवतानाचा फोटो त्याच ईमेलखाली जोडून ठेवा, कारण बोर्ड बंद झाल्यावर आत काय आहे हे कोणालाच दिसणार नाही.