एक टोक फिक्स, एक टोक टेकलेलं: चार अटी कुठून येतात?

प्रश्न: बीम डावीकडे भिंतीत फिक्स आहे, उजवीकडे नुसता टेकलाय, वर सारखा लोड w. चौथ्या ऑर्डरचं समीकरण सोडवून माझा बाक wL⁴/384EI येतो, पुस्तकात बराच जास्त दिलाय. दोन्ही टोकांना y = 0 आणि y' = 0 घेतलंय. कुठं चुकतंय?

उत्तर: चूक उजव्या टोकाच्या y' = 0 मध्ये आहे. तुमचं उत्तर गणित म्हणून बरोबरच आहे, फक्त ते दोन्हीकडून फिक्स असलेल्या बीमचं आहे.

एक साधा प्रयोग करून बघा. ३० सेंटीमीटरची स्टीलची पातळ पट्टी घ्या. एक टोक टेबलाच्या कडेवर जड पुस्तकांखाली घट्ट दाबा, दुसरं टोक तितक्याच उंचीवर आडव्या पेन्सिलीवर ठेवा आणि मधोमध बोटानं हलकेच दाबा. पुस्तकांपाशी पट्टी आडवीच बाहेर पडते, पण पेन्सिलीवरून ती तिरकी जाते. म्हणजे तिथं उतार आहे. पेन्सिल पट्टीला खाली जाऊ देत नाही, पण वळायला अडवत नाही. वळण अडवलं नाही की मोमेंट निर्माण होत नाही. मोमेंट म्हणजे EI·y'', म्हणून तिथली दुसरी अट y'' = 0.

आता गणित करू. y खाली मोजतोय, x फिक्स टोकापासून. EI·y'''' = w चार वेळा इंटिग्रेट केलं की:

```
EI·y'' = wx²/2 + C1·x + C2
EI·y   = wx⁴/24 + C1·x³/6 + C2·x²/2 + C3·x + C4
```

फिक्स टोकाच्या दोन अटींनी C3 आणि C4 लगेच शून्य होतात. उरलेले दोन x = L वरून येतात. y'' = 0 वरून C2 = −wL²/2 − C1·L. ते y = 0 मध्ये घातलं की C1 = −5wL/8 आणि C2 = wL²/8. म्हणून:

```
y = w·x²(2x² − 5Lx + 3L²) / (48EI)
```

C1, C2 हे नुसते कॉन्स्टंट नाहीत. फिक्स टोकाची रिअ‍ॅक्शन 5wL/8, तिथला मोमेंट wL²/8, आणि टेकलेल्या टोकाकडे उरतात 3wL/8. बेरीज wL आली नाही तर पुढं जाऊ नका. जास्तीत जास्त बाक मध्यावर नसतो, x = 0.5785L ला असतो, आणि तो सुमारे wL⁴/185EI. मध्यावर नेमका wL⁴/192EI, म्हणजे तुमच्या उत्तराच्या दुप्पट.

हे आकड्यांत बघू, कारण मला हा फरक इथं बडोद्यातच, मकरपुऱ्याच्या एका शेडमधल्या माळ्यावर दिसला होता. आयएसएमबी २०० गर्डर, गाळा ४ मीटर, EI सुमारे ४४७० kN·m². एका गर्डरच्या वाट्याला सिमेंटची ८० पोती, म्हणजे जवळपास १० kN/m. कागदावर एक टोक भिंतीत फिक्स धरलेलं होतं, म्हणून मध्यावर ३ मिलिमीटर बाक अपेक्षित होता. पोती रचण्याआधी आणि नंतर दोरी ताणून मोजलं, फरक सुमारे ६ आला. दोन्ही टोकं नुसती टेकलेली धरली तर 5wL⁴/384EI, म्हणजे ७.५ मिलिमीटर येतात.

गर्डरचं टोक विटांच्या भिंतीत वीतभर खोल खाच पाडून काँक्रीटनं भरलं होतं. दिसायला अगदी पक्कं. पण फिक्स राहायचं तर तिथं wL²/8 = २० kN·m मोमेंट पेलायला हवा. खाचेत वरच्या आणि खालच्या दाबांमधलं अंतर १५ सेंटीमीटर धरलं तरी प्रत्येक बाजूला सुमारे १३३ kN, म्हणजे साडेतेरा टनांचा जोर लागतो. खालून भिंत तो कसाबसा सोसेल, पण टोक वर उचलू न देण्यासाठी खाचेवर तेवढं वजन लागतं, आणि वर होती फक्त दोन-अडीच मीटर विटांची भिंत. टोक थोडं वळलं आणि बीम जवळजवळ दोन्हीकडे टेकल्यासारखा वागू लागला.

म्हणून भिंतीतल्या टोकाला मी सरसकट y' = 0 लिहीत नाही. टोक जितकं वळतं तितका मोमेंट देतं असं धरून अट अशी लिहितो:

```
EI·y''(0) = k·y'(0)
```

k म्हणजे टोक वळवायला भिंत किती विरोध करते ते. k खूप मोठा केला की y'(0) = 0, म्हणजे फिक्स; k शून्य केला की y''(0) = 0, म्हणजे नुसतं टेकलेलं. त्या शेडमधला k फिक्स धरण्याइतका मोठा अजिबात नव्हता. बाकीचं गणित वरच्यासारखंच, फक्त C3 आता शून्य राहत नाही.