फ्लॅटच्या पैशांबद्दल आयकर खात्याची नोटीस आलीय? आधी एवढंच करा

घाबरू नका. आधी तारीखवार तक्ता करा. समजा, रत्नागिरीतला फ्लॅट मुद्रांक शुल्कासह ४५ लाखांना पडला : कर्ज ३०, वडिलांकडून ९, स्वतःची बचत ६. बिल्डरला दिलेल्या प्रत्येक रकमेसमोर तिचा स्रोत लिहा. नोटीस ज्या आर्थिक वर्षाची, त्याच वर्षातले हप्ते आधी धरा.

नवखे इथेच चुकतात : कर्जाचं मंजुरीपत्र जोडतात. त्यावरून पैसे कधी दिले गेले, हे कळत नाही. बँक रक्कम थेट बिल्डरला देते, ती तुमच्या बचत खात्यात दिसतच नाही. म्हणून कर्जखात्याचा उतारा हवा.

वडिलांचे ९ लाख करमुक्त आहेत, पण नुसतं बक्षीसपत्र पुरत नाही. त्यांच्याकडे ते आले कुठून? आंब्याचे असतील तर सातबारा, दलालाच्या पट्ट्या आणि त्यांचं पासबुक जोडा. तुम्हाला पाठवण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खात्यात रोख भरणा दिसला, तर पुढचा प्रश्न त्यावरच येणार.

आणि हो, सख्खे काका कायद्याने नातेवाईक, चुलतभाऊ नाही. त्याची ५० हजारांवरची भेट करपात्र ठरते. उसने घेतले असतील तर तसंच लिहा. एकीकडे भेट, दुसरीकडे उसने, असं नको.