चहातला गूळ, साखर आणि शुगर फ्री: कॅलरी नेमक्या किती वाचतात?

"चहात साखर बंद करून गूळ सुरू केलाय. कॅलरी खरंच किती कमी होतात? शुगर फ्री गोळी घेतली तर आणखी फरक पडेल का? आणि घरी शिरा वगैरे करताना काय वापरावं?"

गुळाने जवळपास काहीच वाचत नाही, आणि बऱ्याच घरांत तर कॅलरी वाढतात. मी आहारतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात काम करते. इथे गूळ घरोघरी आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो.

मागच्या हिवाळ्यात एक मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तीन महिने साखरेला हात लावला नाही, तरी वजन हलत नाही." पुढच्या वेळी मी त्यांना गुळाचा डबा आणि नेहमीचा चमचा घेऊनच यायला सांगितलं. एका कपाला किती गूळ घालता ते काढून दाखवा म्हटलं, तर त्यांनी अंगठ्याने एक खडा मोडून दिला. काट्यावर ठेवला, १४ ग्रॅम भरला. पूर्वी त्या दोन सपाट चमचे साखर घालायच्या. त्यांच्या चमच्यात ५ ग्रॅम साखर मावत होती, म्हणजे कपाला १० ग्रॅम.

आता हिशोब बघा. साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज, १ ग्रॅमला ४ कॅलरी. गूळही मुख्यतः सुक्रोजच असतो, सोबत थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडे क्षार आणि काही टक्के पाणी. त्या पाण्यामुळे १ ग्रॅम गुळात ४ ऐवजी साधारण ३.७ कॅलरी येतात. वजन सारखं धरलं तर १० ग्रॅमला ४० च्या जागी ३७. मावशींचा चहा दिवसाला चार कप, म्हणजे गूळ तेवढाच घातला असता तर दिवसाला १२ कॅलरी वाचल्या असत्या. पण खडा १४ ग्रॅमचा होता, म्हणजे कपाला ५२ कॅलरी. दिवसाचे १६० चे २०८ झाले.

हे फक्त मावशींचंच होतं असं नाही. गूळ साखरेपेक्षा किंचित कमी गोड लागतो, म्हणून हात आपोआप सैल होतो. साखर निदान चमच्याने मोजली जाते, खडा मात्र अंदाजाने मोडला जातो. आणि गूळ चांगला असतो हे मनात पक्कं असलं की जरा जास्त गेला तरी टोचत नाही.

"पण गुळात लोह असतं ना?" असतं. १०० ग्रॅमला साधारण ४-५ मिलिग्रॅम धरा. ऊस, माती आणि काहिलीप्रमाणे आकडा बदलतो. मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं २०२० चं मानक सांगतं. १० ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि चहातलं टॅनिन तेही नीट शोषू देत नाही. रक्त कमी असेल तर गुळाच्या चहावर विसंबू नका, तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर गूळ म्हणजे साखरच समजा. रक्तातली साखर तो तशीच वाढवतो.

गोळीचा प्रकार वेगळा आहे. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज सुमारे ६०० पट. गोळीत खरा गोड पदार्थ काही मिलिग्रॅमच असतो, त्यामुळे कॅलरी नगण्य. पुडी घेतली तर तिच्यात भर म्हणून डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणून ग्रॅमभराच्या पुडीत ४ च्या आसपास कॅलरी निघतात. मावशींसारखा चार कप चहा असेल तर साखरेच्या १६० कॅलरी खरोखर जातात. पण कपात ७५ मिली म्हशीचं दूध असेल तर त्या दुधाच्याच ७५ च्या घरात कॅलरी होतात, आणि त्या गोळीने हलत नाहीत.

वापरताना गोळीवरचं नाव वाचा. अ‍ॅस्पार्टेम उकळत्या चहात जास्त वेळ राहिलं तर त्याचा गोडवा कमी होतो, मग माणूस दुसरी गोळी टाकतो. ते चहा कपात ओतल्यावर घाला. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम घेऊच नये. सुक्रालोज उकळत्या चहाला टिकतं.

आता शिरा. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम तूप घ्या, बाकी पाणी. रव्याच्या ३५०, साखरेच्या ४००, तुपाच्या ६७५, एकूण १४२५ कॅलरी. शिजून सव्वापाचशे ग्रॅम शिरा झाला असं धरा. चार बशा केल्या तर बशीला १३० ग्रॅम आणि ३५५ कॅलरी. साखरेऐवजी तेवढाच गूळ घातला तर बशीमागे ७-८ कॅलरी कमी, बस्स.

सुक्रालोजच्या दहा पुड्या घातल्या तर साखरेच्या ४०० च्या जागी ४० उरतात. कागदावर बशीमागे ९० वाचल्या. पण साखर निघाली तसं तिचं वजनही गेलं. आता शिरा ४३५ ग्रॅमच झाला, आणि आपण बशी तर पूर्वीइतकीच भरतो. त्या १३० ग्रॅममध्ये रवा आणि तूप पूर्वीपेक्षा जास्त येतं. त्या बशीत ३२० च्या आसपास कॅलरी निघतात, म्हणजे खरी बचत ३५. त्यात "शुगर फ्री आहे" म्हणून आणखी अर्धी बशी घेतली की तीही गेली. दुकानातल्या शुगर फ्री बर्फीचंही तेच, साखर गेली तरी खवा आहेच. शिवाय काही मिठायांत माल्टिटॉल असतं. त्यात साखरेच्या निम्म्याहून थोड्या जास्त कॅलरी असतात आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं. चिक्की किंवा पाकातले लाडू तर गोडव्याच्या पुडीवर होतच नाहीत, कारण तिथे बांधणारा पाक साखरेचा किंवा गुळाचाच लागतो.

त्याच शिऱ्यात साखर १०० ची ६० करा आणि तूप ७५ चं ५० करा. साखरेच्या १६० आणि तुपाच्या २२५ जातात, कढईतल्या शिऱ्याचे चारच भाग केले तर भागामागे ९५ च्या वर. साखरेची चव जिभेला दोन-तीन वेळात सवयीची होते, तूप कमी झालेलं वेलची आणि नीट भाजलेल्या रव्यामुळे फारसं कळत नाही.

गोळी कायमची घ्यावी का? मधुमेहींना चहापुरती मी आडकाठी करत नाही. पण फक्त वजनासाठी घेणार असाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशी गोडी वापरू नका असाच सल्ला दिला आहे. तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

मावशींना मी गूळ बंद करायला सांगितला नाही. त्यांनी किसलेल्या गुळाचा डबा केला, एक सपाट चमचा ठरवला, आणि दर आठवड्याला तो थोडा थोडा कमी केला. दोन महिन्यांनी त्यांच्या कपात ४ ग्रॅम गूळ होता आणि चहा चारचे तीन कप. दिवसाच्या २०८ चे ४५ झाले.