'९९ प्रॉब्लेम्स' म्हणणारं रॅप कोणाचं?

प्रश्न: पंचलाइनमध्ये '९९ प्रॉब्लेम्स' होतं, बीटला रॉकसारखी गिटार, आणि मध्येच रॅपर पोलिसाशी बोलतो. कोणतं गाणं?

जे-झीचं '99 Problems', २००३ च्या 'द ब्लॅक अल्बम'मधलं. नुसत्या पंचलाइनवर शोधलंत तर चकाल, कारण ती ओळच मुळात आइस-टीच्या १९९३ च्या गाण्यातली. जे-झीने ती उचलली. खरी खूण बीट. निर्माता रिक रुबिनने बिली स्क्वायरच्या 'द बिग बीट'मधले दणदणीत ड्रम घेऊन त्यावर गिटार चढवली. पोलिसाचा प्रसंग दुसऱ्या कडव्यात येतो. सवाल-जवाब दोन्ही जे-झीच करतो, फक्त पोलिसाच्या ओळींना आवाज बदलतो. तेवढं कडवं ऐका, लगेच खात्री पटेल. (हेडफोन लावून ऐका, शिव्या आहेत!)